नमस्कार आधी, पिन शेवटी

आण्याहून सकाळच्या एसटीनं निघालेला माणूस आणेघाट उतरतो, बेल्हे, आळेफाटा, नारायणगाव, मंचर, चाकण मागं टाकत पुण्यात वाकडेवाडीला पोहोचतो. तिथून ससूनला, मुलीच्या घरी किंवा कोर्टात जायचं तर हल्ली मोबाइलवर रिक्षा मागवतो. पठारावर आपल्याला याची सवय नाही. आण्यात किंवा पेमदऱ्यात जीपवाला कुणाचा कोण ते आपल्याला ठाऊक असतं, त्याला आपण ठाऊक असतो. गाडीत बसताना 'काय, निघायचं का?' एवढं बोललं की भागतं. वाकडेवाडीला समोर येणारा माणूस मात्र पूर्ण अनोळखी असतो. तो थांबतो, काचेतून किंवा हँडलवरून आपल्याकडे बघतो, नाव विचारतो, आकडे मागतो, आणि आपण गोंधळतो.

आणे, नळवणे, शिंदेवाडी, बेल्हे या भागातून वाचक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्याला हाक काय मारायची? नाव सांगायचं का? ओटीपी कुणाला द्यायचा नसतो असं बँक सांगते, मग हा का मागतो? बुकिंग मुलानं कल्याणहून केलंय, तर रिक्षावाला माझ्याऐवजी त्याचं नाव का घेतो? या सगळ्यांची उत्तरं पहिल्या अर्ध्या मिनिटाच्या बोलण्यात दडलेली आहेत. त्या बोलण्यात काय, कोणत्या क्रमानं आणि का, ते पुढं देतो.

पहिला नमस्कार फोनवरच होतो

रिक्षा ठरली की बहुतेक वेळा मिनिटभरात फोन येतो. नंबर अनोळखी दिसतो. तो रिक्षावाल्याचा खरा नंबर नसतो आणि त्यालाही तुमचा खरा नंबर दिसत नाही. अ‍ॅप मध्ये एक आडपडदा ठेवतं. म्हणून 'कुणाचा फोन आहे कोण जाणे' म्हणून तो कापू नका. गाडी मागवल्यावर पाच मिनिटं तरी अनोळखी फोन उचला. तुम्ही उचलला नाही तर तो दुसरं भाडं घेतो आणि तुमची गाडी रद्द होते.

फोनवर तो साधारण तीन गोष्टी विचारतो: कुठं आहात, कुठं जायचंय, पैसे रोख की ऑनलाइन. बोलण्याचा सूर तुटक असतो, कारण तो वाहतुकीत असतो. त्याचा राग मानू नका, पण त्याच्या तुटक बोलण्याला तुटक उत्तरही देऊ नका. 'नमस्कार दादा, मी वाकडेवाडी स्टँडच्या बाहेरच्या बाजूला उभा आहे, पांढरी टोपी आहे, ससूनला जायचंय' असं एका दमात सांगितलं तर त्याचे निम्मे प्रश्न संपतात.

जागा सांगताना पुण्यात एक चूक हमखास होते. शिवाजीनगरचं जुनं एसटी स्थानक मेट्रोच्या कामासाठी 2019 च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवलं गेलं. आपली जुनी माणसं अजूनही त्याला शिवाजीनगर स्टँडच म्हणतात, एसटीच्या पाटीवरही तेच नाव वाचतात आणि अ‍ॅपमध्येही तेच टाइप करतात. मग रिक्षा जुन्या जागी जाऊन उभी राहते आणि तुम्ही वाकडेवाडीला. रिक्षावाला फोनवर 'मी आलोय, तुम्ही कुठं?' म्हणतो आणि दोघेही एकमेकांना खोटं ठरवतात. अ‍ॅपमध्ये तुम्ही जिथं उभे आहात तो निळा ठिपका बघा आणि गाडी बोलावण्याची खूण तिथंच आणून ठेवा. फोनवरही 'वाकडेवाडी' हाच शब्द वापरा.

दुसरी गोष्ट, स्टँडच्या आत उभे राहू नका. एसटी स्थानकाच्या 200 मीटरच्या आत खासगी प्रवासी गाड्यांना मनाई असते. त्यामुळं फाटकाशी थांबायला रिक्षावाला कचरतो, पोलीस हाकलतो. मुख्य रस्त्यावर थोडं पुढं जा, एखादं ठळक दुकान किंवा बसथांबा बघा आणि त्याची खूण फोनवर द्या.

सामान असेल तर तेही फोनवरच सांगून टाका. बाजरीचं पोतं, कांद्याची गोणी, तुपाचा डबा घेऊन आलेला माणूस समोर दिसल्यावर जो वाद होतो, तो फोनवर टळतो. रिक्षात कायद्यानं तीनच प्रवासी बसतात, चौथ्याची अपेक्षा ठेवू नका. टॅक्सी मागवली असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि डिकीतली बरीचशी जागा गॅसच्या टाकीनं व्यापलेली असते. 'दादा, दोन पोती आहेत, डिकीत टाकी आहे का?' एवढं विचारा. तो नको म्हणाला तर तेव्हाच दुसरी गाडी बघता येते.

गाडी समोर आली की याच क्रमानं

1. आधी नंबर, मग दार. अ‍ॅपवर दिसणारा गाडीचा नंबर पाटीशी जुळवा. नुसते शेवटचे चार आकडे पुरेसे नाहीत, मधली अक्षरंही बघा; चार आकडे तेच पण अक्षरं वेगळी अशा दोन गाड्या सहज असतात. पुण्यातल्या रिक्षांवर एमएच 12, पिंपरी-चिंचवडच्या रिक्षांवर एमएच 14, कल्याणच्या रिक्षांवर एमएच 05. जुन्नर तालुक्यातल्या गाड्याही एमएच 14 च असतात, म्हणून ही पाटी बघून 'आपल्याकडचीच दिसते' असं समजून बसू नका. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. विजेवर चालणारी असेल तर पाटी हिरवी आणि अक्षरं पिवळी.

2. मग नमस्कार आणि एक प्रश्न. 'नमस्कार दादा, कोणाच्या नावाची राईड आहे?' हा प्रश्न उलटा विचारू नका. 'तुम्ही अमुकच ना?' किंवा 'माझी रिक्षा हीच ना?' असं विचारलंत तर समोर जो कुणी आहे तो 'हो हो, बसा' म्हणू शकतो. वाकडेवाडीला एकाच वेळी पाच-सहा रिक्षा आपापली गिऱ्हाइकं शोधत असतात. कधी त्याची खरीच गफलत होते, कधी हातचं भाडं सोडायचं नसतं. नाव त्यानं सांगावं, तुम्ही 'बरोबर' म्हणावं.

3. कुठं जायचं ते त्याच्या तोंडून ऐका. 'ससून हॉस्पिटल, बरोबर?' असं तो म्हणाला की समजा नकाशा त्याच्याही फोनवर तोच आहे. ससूनला तातडीच्या विभागाचं दार वेगळं आणि ओपीडीचं वेगळं. कुठल्या दाराशी उतरायचं ते इथंच सांगा. उतरताना सांगितलं तर वळसा पडतो आणि वाद होतो.

4. पैसे कसे द्यायचे ते. याबद्दल पुढं सविस्तर आहे.

5. सगळ्यात शेवटी पिन. बसल्यावर, सामान आत आल्यावर, दार लागल्यावर. पिन टाकला की प्रवास अ‍ॅपच्या दृष्टीनं सुरू झाला. त्याआधी तुम्ही गाडी नाकारली तर फारतर रद्द करण्याचा छोटा आकार. त्यानंतर नाकारली तर निम्म्या वाटेत उतरल्याचा हिशेब होतो.

या पाचांना मिळून अर्धं मिनिट लागतं. क्रम मात्र बदलू नका. घाईत आपण बरोबर उलट करतो: दार उघडतो, बसतो, पिन सांगतो, आणि मग 'ससूनला ना?' विचारतो.

नंबर जुळतो पण माणूस फोटोतला दिसत नाही असं झालं तर? भाऊ, मेहुणा किंवा भाड्यानं रिक्षा चालवणारा दुसरा कुणी त्याच खात्यावर फिरतो, ही गोष्ट घडते. माणूस भलाही असेल. पण काही झालं तर अ‍ॅपच्या नोंदीत तो माणूस नसतो, दुसराच असतो. आणि 'माझी गाडी गॅरेजला आहे, आज ही आणली' म्हणत कुणी वेगळ्या नंबरच्या गाडीत बसा म्हटलं, तर हसतमुखानं नको म्हणा. दोन्ही वेळा अ‍ॅपमध्ये 'गाडी किंवा चालक वेगळा' असं कारण निवडून रद्द करा, म्हणजे दोष तुमच्या नावावर पडत नाही.

हा ओटीपी बँकेचा नाही

सर्वांत जास्त घोळ इथं आहे. पतसंस्थेपासून बँकेपर्यंत सगळ्यांनी आपल्या मनावर बिंबवलंय की ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. मग रिक्षात बसल्यावर तो 'ओटीपी सांगा' म्हणतो आणि आजी ठामपणे नाही म्हणतात. आजींची काहीच चूक नाही. फरक कळला की अडचण सुटते.

- रिक्षाचा पिन चार आकडी असतो आणि अ‍ॅप उघडल्यावर त्याच गाडीच्या माहितीशेजारी दिसतो. कुठं 'OTP' लिहिलेलं असतं, कुठं 'PIN'.
- बँकेचा ओटीपी एसएमएसनं येतो, बहुधा सहा आकडी असतो आणि त्या मजकुरात बँकेचं नाव, बऱ्याचदा रक्कमही असते. असा मजकूर दिसला की तो रिक्षावाल्यासाठी नाही, कुणासाठीच नाही.
- रिक्षाचा पिन प्रत्येक वेळी बदललेला असेलच असं नाही. काही अ‍ॅपमध्ये एकाच माणसाला तोच पिन पुन्हा दिसतो. म्हणून तो मोठ्यानं, रस्त्यावर, फोनवर सांगत बसू नका.
- रिक्षावाल्याला फक्त ते चार आकडे हवे असतात. त्यानं पाठवलेली लिंक उघडणं, त्याच्या सांगण्यावरून दुसरं अ‍ॅप घेणं, आपली स्क्रीन दाखवणं यातलं काहीही या प्रवासाला लागत नाही.

फोनवर पिन मागितला तर 'दादा, बसल्यावर देते' एवढंच म्हणा. तो फोनवर का मागतो याची कारणं वेगवेगळी असतात. गल्लीत नेट येत नाही म्हणून आधीच आकडे टाकून ठेवायचे असतात, किंवा तुम्ही रद्द करू नये म्हणून तो प्रवास आधीच सुरू करून ठेवतो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही वाकडेवाडीलाच उभे असता आणि अ‍ॅप तुम्हाला रस्त्यावर धावताना दाखवत असतं. कारण कुठलंही असो, तुमचं उत्तर तेच.

बुकिंग मुलानं केलं असेल तर

आपल्या भागात हा प्रकार फार. मुलगा कल्याणला किंवा भोसरीला नोकरीला, आई आण्याहून एकटी पुण्याला निघालेली. तिच्याकडं साधा फोन किंवा मोठा फोन असून नेट संपलेलं. मुलगा आपल्या फोनवरून तिच्यासाठी रिक्षा मागवतो. एक नमुना घेऊन बघू.

मुलानं स्वतःच्याच खात्यावर, स्वतःच्याच नावानं गाडी ठरवली. रिक्षावाल्याच्या फोनवर मुलाचं नाव आणि मुलाचा, म्हणजे आडपडद्याचा, नंबर. तो वाकडेवाडीला येऊन फोन करतो, फोन कल्याणला वाजतो. मुलगा कारखान्यात, आवाजात ऐकू येत नाही. इकडं आई रिक्षा समोर बघून तिच्याकडं जाते. रिक्षावाला मुलाचं नाव घेऊन विचारतो, 'तुम्ही का?' आई प्रामाणिकपणे म्हणते, 'नाही हो.' रिक्षावाला पुढं निघून जातो. दोघंही खरं बोलले आणि गाडी गेली.

हे टाळायला मुलानं बुक करतानाच 'दुसऱ्यासाठी' हा पर्याय निवडावा, जिथं तो असेल तिथं. त्यात आईचं नाव आणि तिचा नंबर टाकता येतो. मग रिक्षावाल्याला आईचं नाव दिसतं, त्याचा फोन आईला येतो, आणि गाडीचा नंबर व पिन आईला एसएमएसनं जातो. साध्या फोनवरही हे चालतं. पर्याय नसेल तर मुलानं गाडी ठरताच आईला फोन करून तीन गोष्टी सांगाव्यात आणि आईनं त्या एसटीच्या तिकिटाच्या मागं लिहून घ्याव्यात: गाडीचा नंबर, रिक्षावाल्याचं नाव, चार आकडे. चौथी गोष्ट आईला समजावून सांगायची: रिक्षावाला माझंच नाव घेईल, त्याला 'हो, तो माझा मुलगा, त्यानं माझ्यासाठी गाडी मागवलीय' म्हण.

आणि मुलानं रिक्षावाल्याला एक संदेश टाकावा. अ‍ॅपमध्ये लिहायची सोय असते: 'दादा, गाडीत माझी आई बसणार आहे, हिरवं नऊवारी आहे, ऐकू थोडं कमी येतं, पैसे ती रोख देईल.' असा संदेश मिळालेला रिक्षावाला रिक्षा थांबवून स्वतः खाली उतरून हाक मारतो, असा माझा अनुभव आहे. पैसे रोख की मुलाच्या खात्यातून, हेही आधीच ठरवा. नाहीतर मुलानं ऑनलाइन भरलेलं असतं आणि आई पुन्हा नोट काढून देते. चांगला रिक्षावाला परत करतो, सगळेच करत नाहीत.

हाक काय मारावी

वयानं बरोबरीचा किंवा धाकटा असेल तर दादा, वडीलधारा असेल तर काका, बाई चालवत असेल तर ताई. पुण्यात गुलाबी ई-रिक्षा बायका चालवताना दिसतात, तिथं 'दादा' म्हणायची सवय जिभेवरून काढायला हवी. 'ए रिक्षा', 'ओ भाई इकडं', टाळी वाजवून बोलावणं, हे सोडून द्या. चाळीस वर्षांच्या माणसाला वीस वर्षांच्या पोरानं 'अरे' म्हटलेलं त्याला दिवसभर लागतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्याचा त्रास होतो.

अ‍ॅपवर त्याचं नाव दिसतं म्हणून नावानं एकेरी हाक मारू नका. नाव वापरायचंच तर पुढं भाऊ किंवा दादा लावा. आणि एक सांगायलाच हवं: ते नाव वाचून त्याची जात, धर्म, गाव काय असेल याचा अंदाज बांधत त्याप्रमाणं नमस्कार निवडणं, हे आपल्यातले बरेच जण नकळत करतात. समोरच्याला ते लगेच कळतं. नाव कुठलंही असो, सगळ्यांना एकच 'नमस्कार' किंवा 'रामराम'. आपल्याकडं माळकरी मंडळी सवयीनं 'राम कृष्ण हरी' म्हणतात. ते म्हणायला हरकत नाही, पण समोरून तसंच उत्तर यावं असा आग्रह नको. त्यानं 'जय भीम', 'सलाम', 'जय महाराष्ट्र' यांपैकी काही म्हटलं तर तेच परत म्हणा किंवा हसून 'नमस्कार' म्हणा, दोन्ही चालतं.

त्याला मराठी येत नसेल तर? आपण आपली सुरुवात मराठीतच करावी. पुण्यात राहून 'नमस्कार' आणि 'ससून' न कळणारा रिक्षावाला विरळा. पुढचं मोडक्या हिंदीत सांगा किंवा फोनचा नकाशा दाखवा. दारातच भाषेवरून वाद घातला तर आपली ओपीडी चुकते, त्याचं काही जात नाही.

काही अ‍ॅप आधीच कळवतात की चालकाला ऐकू येत नाही. अशा वेळी फोन करू नका, लिहून पाठवा. तो आला की हात जोडून किंवा हात हलवून नमस्कार करा, पाटी बघा, फोनवरचं ठिकाण आणि पिन त्याला डोळ्यांसमोर दाखवा. मागून बोलून उपयोग नाही.

आणि बसताना तुमच्या कानाला फोन असेल तर तो क्षणभर खाली ठेवा. हे निव्वळ सभ्यतेसाठी नाही. वरचे पाच प्रश्न दुसऱ्याशी बोलता बोलता विचारता येत नाहीत.

पैशाचं बोलणं निघण्यापूर्वी

टॅक्सीचं सोपं आहे: अ‍ॅप दाखवतं तो आकडा, तोच द्यायचा. पार्किंगचा किंवा टोलचा आकार वर लागला तर तो अ‍ॅपच्या बिलात दिसतो. रिक्षाचं मात्र 2025 पासून बदललंय. काही अ‍ॅपनी दर फेरीमागं कमिशन कापायचं थांबवून रिक्षावाल्याकडून ठरावीक वर्गणी घ्यायला सुरुवात केली. त्यामुळं पैसे थेट त्याच्या हातात, रोख किंवा यूपीआयनं जातात, आणि 'अ‍ॅपवर दिसतो तो आकडा फक्त अंदाज' असं तो म्हणतो. त्याच वर्षी पुण्यातल्या रिक्षा संघटनांनी अ‍ॅपवरून आलेलं भाडंही मीटरनंच घ्यायचं असा आग्रह धरला. त्यामुळं वाकडेवाडीला तुम्हाला दोन्ही प्रकारचे रिक्षावाले भेटतील.

म्हणून नमस्काराला लागूनच विचारा: 'दादा, अ‍ॅपप्रमाणं की मीटरप्रमाणं?' दोन्हीपैकी एक उत्तर येईल आणि तुम्ही तिथंच ठरवू शकाल. अंदाज यावा म्हणून हिशेब करून बघा. पुण्यात 1 सप्टेंबर 2022 पासून लागू झालेला दर होता पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला 17 रुपये. वाकडेवाडी ते ससून साधारण चार किलोमीटर धरले तर पहिल्या दीडचे 25, उरलेल्या अडीचचे साडेबेचाळीस, मिळून साडेसदुसष्ट. दर पुढं बदलला तर रिक्षावाल्यानं नवं दरपत्रक दाखवायला हवं, तोंडी आकडा मान्य करू नका. मध्यरात्रीनंतर मीटरवर जास्तीचा दर लागतो, तो नियमातच आहे. त्यावर भांडू नका.

मीटरनं जायचं ठरलं तर निघताना मीटर टाकलाय आणि शून्यावरून नाही, पहिल्या टप्प्याच्या दरावरून सुरू झालाय, हे बघा. अ‍ॅपनं जायचं ठरलं तर त्या पडद्याचा फोटो घेऊन ठेवा. उतरताना आकडा वाढला तर बोलायला आधार मिळतो.

दोन सापळे टाळा:

- 'अ‍ॅपवर रद्द करा, मी थेट नेतो.' त्याला अ‍ॅपचा हिशेब टाळायचा असतो, तुम्हाला पाच-दहा रुपये स्वस्त पडतं. पण रद्द तुम्ही केलं तर आकार तुमच्यावर, आणि पुढं पाकीट राहिलं, वाट चुकली, काही बरंवाईट झालं तर त्या प्रवासाची नोंद कुठंच नाही. थेटच जायचं असेल तर रस्त्यावरची मीटरची रिक्षा घ्या, तिचा नंबर घरी कळवा आणि जा. अर्धवट अ‍ॅपचा प्रवास दोन्हीकडून वाईट.
- 'सुट्टे नाहीत.' सकाळी सात वाजता पाचशेची नोट काढून ठेवू नका. आळेफाट्यालाच शंभर-पन्नासच्या नोटा करून ठेवा. यूपीआयनं द्यायचं तर बसताना विचारून घ्या की त्याचा क्यूआर चालू आहे ना, आणि पैसे भरताना त्यावर दिसणारं नाव वाचा.

रात्री उशिरा एकट्या असाल तर

मालशेज घाटातून कल्याणला उतरणारी किंवा पुण्याला येणारी शेवटची एसटी कधीकधी बरीच उशिरा पोहोचते. अशा वेळी उजेडात, माणसांत उभ्या राहा आणि गाडी तिथंच बोलवा. नंबर जुळवून झाल्यावर अ‍ॅपमधून प्रवास घरच्या एकाला शेअर करा, आणि गाडीत बसताना घरी फोन करून रिक्षावाल्याला ऐकू जाईल असं सांगा: 'बसले हो, नंबर पाठवलाय.' यात त्याचा अपमान नाही. रात्री रिक्षा चालवणाऱ्यांना याची सवय असते आणि अनेकांना ते बरंच वाटतं. टॅक्सीत मागं बसा आणि दार आतून उघडतंय का ते एकदा बघा. काही खटकलं तर 112 वर फोन करा. अ‍ॅपमध्येही संकटासाठी बटण असतं, ते कुठं आहे हे बुक करतानाच बघून ठेवा, वेळेवर सापडत नाही.

नमस्कारानंतर तो 'नाही' म्हणाला तर

ठिकाण ऐकून नकार, जास्तीचे पैसे मागणं, आणि 'तुम्हीच रद्द करा' म्हणत उभं राहणं, हे तीन प्रकार रोज होतात. इथं मोठ्यानं बोलून फायदा नसतो. मोटार वाहन कायद्याप्रमाणं परवान्याच्या रिक्षा-टॅक्सीनं विनाकारण भाडं नाकारणं हा दंडाचा गुन्हा आहे. महाराष्ट्र शासनानं मे 2025 मध्ये अ‍ॅपवरच्या गाड्यांसाठी धोरण जाहीर केलं, त्यात चालकानं सबळ कारणाशिवाय रद्द केलं तर भाड्याच्या 10 टक्के किंवा 100 रुपये, यातलं जे कमी ते, प्रवाशाला मिळावं आणि प्रवाशानं रद्द केलं तर 5 टक्के किंवा 50 रुपये, यातलं कमी ते, कापलं जावं असं ठरवलं. मागणी वाढली म्हणून भाडं मूळ दराच्या दीडपटीहून जास्त वाढवता येणार नाही, हेही त्यातच आहे. पैसे आपोआप जमा होतील असं धरून चालू नका, मागावे लागतात.

मागण्यासाठी हे करा:

1. तुम्ही रद्द करू नका. 'दादा, यायचं नसेल तर तुम्ही रद्द करा' असं शांतपणे सांगा आणि मिनिटभर थांबा.
2. त्यानं केलं नाही आणि तुम्हाला घाई असेल तर रद्द करताना कारणांच्या यादीतलं 'चालकानं यायला नकार दिला' किंवा 'जास्त पैसे मागितले' हेच निवडा. 'माझा बेत बदलला' हे बोट चुकून पडलं तर आकार तुमच्याच माथी.
3. रद्द करण्यापूर्वी गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि भाडं दिसेल असा पडद्याचा फोटो काढा. नंतर ही माहिती शोधावी लागते.
4. अ‍ॅपच्या मदत विभागात त्याच प्रवासाच्या नोंदीखाली तक्रार लिहा. दोन ओळी पुरतात: कुठून कुठं, किती वाजता, तो काय म्हणाला. मराठीत लिहिली तरी चालते.
5. आकार कापला गेला आणि चार-पाच दिवसांत परत आला नाही, किंवा त्यानं शिवीगाळ केली, तर गाडी ज्या आरटीओची त्याच कार्यालयात लेखी तक्रार द्या. एमएच 12 असेल तर पुणे, एमएच 14 असेल तर पिंपरी-चिंचवड. मीटरच्या तक्रारी तिथंच चालतात. अ‍ॅपनं कापलेल्या पैशाबद्दल मात्र ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर नोंद करा, तिथं मराठीतून बोलता येतं.

ससूनची ओपीडी सकाळची असते. पहिल्या रिक्षानं नकार दिला की तक्रार दुपारी लिहा, आधी दुसरी रिक्षा मागवा.